दुखायच्या आधीचा डोस

*डॉक्टर, माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता गाठ मानेत परत आली आहे. घट्ट काही गिळता येत नाही, पेज आणि दूध तेवढं जातं. दहा दिवसांपूर्वी मॉर्फिनचं सिरप सुरू केलं. बाटलीवर ५ एमएलमध्ये १० मिलिग्रॅम असं आहे. दर चार तासांनी अडीच एमएल, रात्री दहाला पाच एमएल, मध्येच दुखलं तर आणखी अडीच, असं लिहून दिलंय. दादा म्हणतो, चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली, आता अफूची सवय लावायची का? फारच कळवळले तरच दे. मी तसंच करते. पण बाबा सारखे घड्याळाकडे बघतात, बाटली मागतात, नाही दिली की चिडतात. मलाच भीती वाटायला लागलीय. शिवाय पाच दिवस पोट साफ नाही. जुलाबाच्या पिवळ्या गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून आई कुटून दुधातून देते, वर इसबगोल. नुसता मुरडा येतो. कालपासून थोडं थोडं पातळ होतंय. जुलाबाचं औषध बंद करू का? आणि डोसच्या वेळी ते झोपले असतील तर उठवायचं का?*
*— एक मुलगी, कराड तालुका*

ताई, आधी पोटाचं बोलू, कारण ते आजच्या आज करायचं आहे.

पाच दिवस काही झालेलं नाही आणि मग थोडं थोडं पातळ गळू लागलं, तर बहुतेक वेळा ते जुलाब नसतात. खाली गुदाशयात घट्ट खडा अडकून बसलेला असतो आणि वरचं पाणी त्याच्या कडेने पाझरतं. नाल्यात दगड अडकला तरी बाजूने धार येतेच की. घरच्यांना वाटतं पोट सुटलं. मग कुणीतरी जुलाब थांबवायची गोळी आणून देतं आणि खडा आणखी घट्ट होतो. ती गोळी घरात असेल तर उचलून ठेवा. तुमच्या पॅलिएटिव्ह केअरच्या नर्सला फोन लावा आणि एवढंच सांगा: मॉर्फिन चालू आहे, पाच दिवस शौचाला नाही, आता पातळ गळतंय. यावरून तिला पुढचं कळेल. ती हातमोजा घालून बोटाने तपासेल. खडा असेल तर बत्ती किंवा एनिमा देईल, फारच कडक असेल तर आधी तेलाचा एनिमा देऊन तो मऊ करेल आणि मग काढेल. हाताने काढायची वेळ आली तर त्याच्या अर्धा तास आधी बाबांना मधला, जादाचा डोस द्यायचा का, हे तिला आठवणीने विचारा. ते फार दुखतं आणि घाईत लोक विसरतात.

एक गोष्ट मात्र फोन करण्याआधी बघा. पोट फुगून टणक झालंय, वायूही सरत नाही, उलट्या होतायत, पोटात कळा येऊन जातायत, असं असेल तर आतडंच कुठेतरी अडलेलं असू शकतं. मग जुलाबाचं कुठलंही औषध तोंडाने द्यायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आता हे झालं कसं ते सांगते. मॉर्फिन मेंदूत आणि पाठीच्या कण्यात ज्या जागांवर बसून वेदना दाबतं, तशाच जागा आतड्याच्या भिंतीतही असतात. तिथे बसलं की आतड्याची पुढे ढकलणारी लाट मंदावते. मळ आत जास्त वेळ राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कोरडा होत जातो. मॉर्फिनने सुरुवातीला मळमळ होते, गुंगी येते. त्या दोन्हींची शरीराला काही दिवसांत सवय होते. आतड्याला मात्र ती सवय होत नाही, महिन्यांनंतरही नाही. म्हणून जुलाबाचं औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवशीच सुरू करायचं आणि मॉर्फिन आहे तोवर रोज द्यायचं. पोट अडल्यावर ते द्यायला लागलं की उशीर झालेला असतो.

आईंनी जे केलं ते मायेने केलं, पण तीन ठिकाणी चुकलं. इसबगोल फुगून मळ वाढवतो आणि त्यासाठी भरपूर पाणी लागतं. बाबा दिवसभरात जेमतेम चार-पाच पेले पातळ घेत असतील आणि आतड्याला ढकलायचा जोर नाही. अशात इसबगोल म्हणजे अडलेल्या वाटेवर आणखी माल. तो बंदच करा. दुसरं, त्या पिवळ्या गोळ्या बहुधा बिसाकोडिलच्या असाव्यात, पाकिटावर नाव बघून घ्या. त्यांच्यावरचं आवरण गोळी जठरात न विरघळता पुढे जावी म्हणूनच असतं. कुटली की आवरण गेलं, आणि तिसरं म्हणजे दूध, ज्याने न कुटलेल्या गोळीचं आवरणही वेळेआधी सुटतं. मग औषध जठरातच उघडतं, मुरडा येतो आणि मोठ्या आतड्यात जिथे काम करायचं तिथे ते कमीच पोचतं. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच.

बाबांना पातळ औषध हवं. डॉक्टरांना सांगा, गोळी गिळता येत नाही, पातळ द्या. दोन प्रकार असतात आणि बहुतेकांना दोन्ही लागतात: एक आतड्याला चाळवणारं, जसं सोडियम पिकोसल्फेट किंवा सोनामुखीचं सिरप, आणि एक मळात पाणी धरून ठेवणारं, जसं लॅक्ट्युलोज. पिकोसल्फेट रात्री झोपताना द्यायचं, म्हणजे सकाळी काम होतं. लॅक्ट्युलोज एकट्याने पुरत नाही, त्याने मळ मऊ होतो पण हलत नाही, आणि पोटही थोडं फुगतं. दुकानदार जुलाबाचं म्हणून जे पांढरं किंवा गुलाबी घट्ट सिरप पुढे करतो त्यात बऱ्याचदा लिक्विड पॅराफिन असतं. बाबांना गिळताना ठसका लागत असेल तर ते नको. तो तेलकट थेंब श्वासनलिकेत उतरला तर फुप्फुसात सूज येते. बाटलीवरची घटकांची ओळ वाचून घ्या.

खडा निघाल्यावर रोज किंवा दिवसाआड, जोर न लावता होणं, एवढंच बघायचं. दोन दिवस झालं नाही तर जुलाबाचा डोस डॉक्टरांना विचारून वाढवायचा, तीन दिवस झालं नाही तर वाट न बघता फोन. खरंच पातळ होऊ लागलं तर कमी करायचा, पूर्ण बंद नाही. मॉर्फिनचा डोस वाढला की हाही वाढवावा लागेल, हे धरूनच चाला. आणि "खातच नाहीत तर होणार कुठून?" हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकते. मळात नुसतं अन्न नसतं, आतड्याच्या झडलेल्या पेशी असतात, जंतू असतात. उपाशी माणसालाही शौचाला होतं.

बसवताना कमोडची खुर्ची, पायाखाली छोटा पाट, आणि खोलीचं दार लोटलेलं. चादर धरून उभ्या असलेल्या सुनेसमोर कुणाचंही पोट साफ होत नाही.

आता घड्याळाचं.

मॉर्फिनचं सिरप पोटात गेल्यावर साधारण अर्ध्या तासात लागू पडतं, तासाभरात त्याचा जोर पूर्ण असतो आणि चार तासांच्या आसपास ओसरतं. तुमच्या कागदावरचे चार तास तिथून आले आहेत. पुढचा डोस द्यायचा तो आधीचा संपायच्या बेताला आला असताना, म्हणजे दुखायच्या आधी. कॅन्सरच्या वेदनेवर औषध तोंडाने द्या आणि घड्याळाने द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली सांगितलं, ते याच कारणासाठी.

कळवळल्यावर दिलं तर काय होतं ते बाबांच्याच बाबतीत बघा. समजा दुपारी दोनला दुखायला लागलं. आता सहन होईल तेवढं होऊ दे म्हणून सव्वातीनपर्यंत थांबलात. सव्वातीनला डोस दिला, पावणेचारला कुठे बरं वाटू लागलं. साडेसहा-सातपर्यंत बरं होतं आणि पुन्हा तेच. दिवसाचे कितीतरी तास ते नुसती वाट बघण्यात काढतात. आणि चढलेली वेदना उतरवायला थोपवलेल्या वेदनेपेक्षा जास्त औषध लागतं. औषध कमी द्यायचं म्हणून सुरू केलेला हा हिशेब उलटा पडतो.

तुमच्या कागदाप्रमाणे वेळा अशा बसतात: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट. ती दुप्पट मात्रा चूक नाही. रात्री दोनला उठवायला लागू नये म्हणून ती आहे, त्यामुळे रात्रभर झोपू द्या. मध्येच दुखून जागे झाले तर जादाचा अडीच एमएल द्या. दिवसा मात्र डोसच्या वेळी डुलकी लागली असेल तर हाक मारून उठवा. डोळे उघडले, "बाबा, बसता का जरा?" ला उत्तर दिलं, की डोस द्या. ठसका लागतो म्हणून उठवून बसवूनच द्यायचा. झोपेतल्या माणसाच्या तोंडात सिरप ओतायचं नाही. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर द्या आणि पुढचा तिथून चार तासांनी. राहिलेला भरून काढायला दोन एकत्र द्यायचे नाहीत.

मोजण्याबद्दल मी जरा कडक आहे. तुमच्या बाटलीत ५ एमएलमध्ये १० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एका एमएलमध्ये दोन. अडीच एमएल म्हणजे पाच मिलिग्रॅम. डॉक्टर फोनवर "पाच द्या" म्हणाले आणि तुम्ही पाच एमएल दिलं, तर डोस दुप्पट झाला. त्यामुळे फोनवर नेहमी दोन्ही विचारायचं: किती एमएल, म्हणजे किती मिलिग्रॅम? नवी बाटली आली की लेबल पुन्हा वाचायचं, कारण सगळ्या बाटल्या एकाच ताकदीच्या नसतात. एका घरी आजी दोन दिवस गुंगीत होत्या. मी बाटली मागितली, तर दुसऱ्या दवाखान्यातून आणलेली, दुप्पट ताकदीची होती, आणि एमएल जुनेच चालू होते. कुणाचा हलगर्जीपणा नव्हता, झाकण तसंच, रंग तसाच. चहाचा चमचा वापरू नका, घराघरात तो वेगळा भरतो. सुई नसलेली ५ एमएलची सिरिंज घ्या, अडीचच्या रेघेवर कायमच्या शाईने खूण करा. गालाच्या ज्या बाजूला जखम नाही तिकडे हळूहळू सोडा. चव फार कडू असते, मागून घोटभर साखरेचं पाणी द्या. पुढे नाकातून नळी घालायची वेळ आली तरी हेच सिरप नळीतून देता येतं, आधी आणि नंतर थोडं साधं पाणी सोडायचं म्हणजे नळीत चिकटून राहत नाही.

घरी एक वही ठेवा. वेळ, किती एमएल, नेहमीचा की जादाचा, आणि दुखणं शून्य ते दहापैकी किती. बोलायला त्रास होत असेल तर बोटांनी दाखवू द्या. शौचाला झालं की तेही त्याच पानावर. ही वही डॉक्टरांना कशी उपयोगी पडते ते सांगते. बाबांचा नेहमीचा डोस दिवसाला सहा वेळच्या हिशेबाने ३० मिलिग्रॅम आहे. समजा वेळेवर देऊनही दोन-तीन दिवस रोज चार जादाचे डोस लागले. म्हणजे आणखी २० मिलिग्रॅम, एकूण ५०. याचा अर्थ पाचचा डोस पुरत नाही. मग डॉक्टर बहुधा तो सातच्या आसपास नेतील, म्हणजे साडेतीन एमएल, आणि जादाचा डोसही तेवढाच करतील. ही वाढ त्यांनीच करायची, पण वहीशिवाय त्यांनाही ती अंदाजानेच करावी लागते.

जादाचे डोस कधी लागले हेही बघतात. नेहमीचा डोस यायच्या तासभर आधीच रोज लागत असेल तर तो कमी पडतोय. पण फक्त मानेचं ड्रेसिंग बदलताना किंवा तोंड धुताना लागत असेल तर दिवसभराचा डोस वाढवून उपयोग नाही, नुसती गुंगी वाढेल. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी जादाचा डोस द्या आणि मग पट्टी सोडा. आणि दुखणं कानात विजेसारखं सणकत जातं किंवा गालावर आग होते, असं ते म्हणत असतील तर ते शब्द तसेच्या तसे वहीत लिहा. ती नस दुखते आहे. तिच्यावर मॉर्फिन एकटं बहुधा पुरं पडत नाही, वेगळं औषध जोडावं लागतं.

गुंगीबद्दल घाबरायचं कधी आणि कधी नाही, ते नीट समजून घ्या. पहिले दोन-तीन दिवस, आणि डोस वाढवल्यावर पुन्हा दोन-तीन दिवस, माणूस झोपाळू होतो. त्यात कित्येक रात्रींची राहिलेली झोपही असते. हाक मारल्यावर उठतात, ओळखतात, पुन्हा डोळे मिटतात: हे चालेल. डोस जास्त होत असेल तर श्वास अडायच्या आधी गुंगीच वाढत जाते, म्हणून तुमच्याकडे ओळखायला वेळ असतो. हलवूनही उठत नाहीत, किंवा छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं आणि श्वास आठहून कमी भरले, तर पुढचा डोस द्यायचा नाही आणि लगेच फोन करायचा. झोपेत हातपाय दचकल्यासारखे उडणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, असंबद्ध बोलणं हीसुद्धा औषध साठत असल्याची खूण आहे. हे बऱ्याचदा लघवी कमी झाल्यावर होतं. मॉर्फिन शरीरात मोडल्यावर जे उरतं ते मूत्रपिंडातून बाहेर जातं. पाणी पोटात गेलं नाही, उलट्या झाल्या, मूत्रपिंड थकलं, की तोच डोस जास्त होऊ लागतो. मग डॉक्टर डोस कमी करतात किंवा दोन डोसमधलं अंतर वाढवतात. एरवी झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं गुंगीचं सिरप, दारू, हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बरोबर नको.

आता दादांकडे वळते. त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. अफूपासून निघणारं औषध आहे, १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात येतं, गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता मिळालेल्या संस्थेतून सही करून आणावं लागतं. एवढा बंदोबस्त बघितल्यावर घरच्यांना ते विषच वाटणार. त्या कायद्यानंतर आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, एवढे परवाने लागत. डॉक्टरांची एक पिढी ते न वापरताच तयार झाली. केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियम देशभर एकसारखे होण्याची वाट उघडली. दादांची भीती एकट्या दादांची नाही, बऱ्याच डॉक्टरांचीही होती.

पण बाबांचं जे वागणं बघून तुम्ही घाबरलात, ते मला वेगळं दिसतं. ज्याला ठाऊक आहे की औषध कळवळल्याशिवाय मिळणार नाही, तो घड्याळ बघणारच. मागितल्यावर "अजून थोडं सहन करा" ऐकलं की चिडणारच. काही जण जास्त दुखतंय असं दाखवायलाही शिकतात, कारण घराने त्यांना तेच शिकवलेलं असतं. बाहेरून हे व्यसनासारखं दिसतं. ओळखायची परीक्षा सोपी आहे: चार दिवस ठरल्या वेळी, न मागता, पूर्ण डोस द्या. वेदना असेल तर मागणं विरून जातं, माणूस पेपर मागतो, नातवाला हाक मारतो. व्यसन असतं तर दुखणं थांबल्यावरही बाटलीचीच ओढ राहिली असती.

तंबाखूशी तुलना दादांनीच काढली आहे, तर ती पुढे नेऊ. तंबाखूची चिमूट गालात धरली की थोड्याच वेळात तरतरी येते, मग ओसरते, मग पुन्हा चिमूट. तो चढ-उतारच माणसाला बांधतो. पोटातून जाणारं सिरप सावकाश चढतं, आणि वेळेवर दिलं तर रक्तात साधारण एकाच पातळीवर राहतं. चढ नाही, उतार नाही, नशा नाही. उलट दुखल्यावरच द्यायची पद्धत त्या चढ-उताराच्या जास्त जवळ जाते. दादा ज्याला घाबरतात तेच त्यांच्या नियमाने थोडंफार तयार होतं, हे त्यांना जरा बेताने सांगा.

दोन गोष्टी व्यसनात घुसडल्या जातात, त्या वेगळ्या काढू. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर ते एकदम थांबवलं तर घाम, अस्वस्थपणा, नाक गळणं, जुलाब, पोटात कळा असा त्रास होतो. याला शरीराची सवय म्हणतात. स्टिरॉइडच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्याही अशा एकदम तोडता येत नाहीत, म्हणून कुणी त्या घेणाऱ्याला व्यसनी म्हणत नाही. उद्या रेडिएशनने गाठ आखडली आणि दुखणं कमी झालं तर डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतील. तुम्ही मात्र घाबरून एका दिवसात बंद करू नका. दुसरी गोष्ट, डोस वाढत जाणं. बहुतेक वेळा तो वाढतो कारण गाठ वाढते. "आत्ताच वाढवलं तर शेवटी काय उरेल?" असं पुष्कळ जण विचारतात. मॉर्फिनला वरची ठरलेली मर्यादा नाही, साठवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

खरं व्यसन अशा रुग्णांत क्वचित होतं, पण कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. बाबांना पूर्वी दारूचं किंवा दुसऱ्या नशेचं व्यसन असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तरीही औषध मिळेल, फक्त एका वेळी कमी दिवसांचं देतील आणि हिशेब जास्त बघतील. मला जास्त काळजी बाटलीकडे येणाऱ्या इतर हातांची वाटते. घरात लहान मुलं असतील, येणारे-जाणारे असतील, तर बाटली कुलपात ठेवा, किल्ली एकाकडेच. शेजारी कुणाला कॅन्सर आहे म्हणून त्यातलं देऊ नका, त्यांचा डोस वेगळा असेल. उरलेलं औषध दवाखान्यात परत करायचं असतं.

आणखी एक, जे दादांच्या मनात असेल पण त्यांनी बोलून दाखवलं नसेल: मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपत आलं. मॉर्फिन दिवस मोजून नाही, दुखणं मोजून सुरू करतात. काही जण महिनोन् महिने घेतात आणि घरातली कामं करतात.

नवी बाटली आणायला शेवटच्या डोसची वाट बघू नका. नेहमीचे डोस १५ एमएल आणि जादाचे धरून दिवसाला २० ते २५ एमएल जातील. १०० एमएलची बाटली चार-पाच दिवसांत संपेल. निम्मी झाली की दवाखान्याचा वार बघून ठेवा. शनिवारी रात्री बाटली रिकामी होण्यासारखी वाईट वेळ नाही. जाताना चिठ्ठी, रिकामी बाटली आणि वही घेऊन जा.

आज नर्सचा फोन झाला की दुपारी दोनच्या डोसपासून घड्याळ लावा. आजवर जेमतेम निम्मंच औषध जात होतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस गुंगी जास्त वाटेल. नर्सला हेही सांगा, म्हणजे कागदावरचा डोस तसाच ठेवायचा की कसं, ते ती डॉक्टरांना विचारून घेईल. उद्या सकाळी सहाचा डोस दादांना द्यायला सांगा. सिरिंज त्यांनीच भरावी, वहीत त्यांनीच लिहावं, आणि सातला त्यांनीच बाबांना विचारावं, किती दुखतंय.